बार्शी ५७, करमाळा ५७: शब्दाच्या बेरजेवरून कोड ओळखायची रीत

आमच्या अभ्यासिकेत दर उन्हाळ्यात पोलीस भरतीची तयारी करणारी नवी मुलं-मुली येतात. पहाटे मैदान, दुपारी पंख्याखाली पुस्तक. बुद्धिमत्ता चाचणीत दिशा आणि नातेसंबंध ही प्रकरणं त्यांना लवकर जमतात. सांकेतिक भाषेत मात्र एका जागी गाडी हमखास अडते. प्रश्न असा दिसतो:

```
BARSHI = ६३, KARMALA = ६४, तर SOLAPUR = ?
```

"ताई, ह्यात काय करायचं तेच कळत नाही. अक्षरं सहा, आकडे दोन," असं परवाच एकीनं विचारलं. तिची शंका बरोबर जागी होती. आकडे अक्षरांइतके असते, तर एकेका अक्षराला एकेक आकडा लावून बघता आला असता. इथे अख्ख्या शब्दाला मिळून एकच संख्या दिली आहे, म्हणजे अक्षरांचे क्रमांक कुठेतरी एकत्र केलेले आहेत. बहुतेक वेळा ते एकत्र करणं म्हणजे बेरीज, आणि त्या बेरजेवर केलेली एखादी छोटी करामत. ती करामत कशी शोधायची, एवढ्याबद्दलच हा लेख आहे. मोहोळ, माढा ही नावं आपली रोजची आहेत म्हणून उदाहरणांत घेतली. पेपरात त्यांच्या जागी कुठलाही इंग्रजी शब्द येईल, रीत तीच राहील.

भरतीच्या लेखीला १०० प्रश्न आणि ९० मिनिटं असतात, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. त्यात शब्दाखाली बोटं मोडत ए, बी, सी, डी म्हणत बसायला वेळ नाही. म्हणून सुरुवात क्रमांकांपासून.

पहिली पायरी: क्रमांक न मोजता यायला हवेत

ए म्हणजे १ आणि झेड म्हणजे २६, हे सगळ्यांना माहीत असतं. गोंधळ होतो तो मधल्या अक्षरांत. सोलापूरकरांना त्यातलं एक अक्षर फुकटात मिळालं आहे. आपल्या गाड्यांच्या पाटीवर एमएच १३ असतं, आणि एम हे अक्षरमालेतलं तेरावंच अक्षर आहे. त्याच्या शेजारचं एन चौदावं. या दोघांच्या मधोमध अक्षरमाला बरोबर दुभंगते: तेरा अलीकडे, तेरा पलीकडे.

बाकीच्यांसाठी पाचाच्या पाढ्याच्या खुंट्या ठोकून घ्यायच्या. क्लासमध्ये याला "इजोटी" म्हणतात:

```
E ५    J १०    O १५    T २०    Y २५
```

ए आणि बी सोडले, तर कुठलंही अक्षर यातल्या एखाद्या खुंटीपासून फार तर दोन पावलांवर असतं. आर विचारलं, तर टीच्या मागे दोन, म्हणून १८. व्ही विचारलं, तर टीच्या पुढे दोन, म्हणून २२. एलसाठी आपली गाडीची पाटी आहेच: तेराच्या मागचा, १२.

सगळ्यात जास्त चुका पी ते एस या पट्ट्यात होतात, कारण मनातल्या मनात म्हणताना क्यू गळतो. क्यू गळला, की आर १७ होतो आणि एस १८. ही चूक कशी लपून बसते याचा एक मजेदार किस्सा पुढे येणार आहे.

हे प्रश्न इंग्रजी अक्षरांवरच का असतात, असं कुणीतरी विचारतंच. देवनागरीत अं, अः धरायचे का, क्ष आणि ज्ञ कुठे मांडायचे, जोडाक्षर एक मोजायचं की दोन, इथेच वाद सुरू होईल. आपल्याकडच्या जुन्या कटपयादी पद्धतीत अक्षरांना अंक दिलेले होते, पण तिथे क, ट, प, य या चौघांनाही १ आहे आणि अंकांची बेरीज होत नाही, ते उजवीकडून डावीकडे वाचून संख्या बनते. तो वेगळाच खेळ आहे.

दुसरी पायरी: बेरीज, आणि बेरजेची चाचपणी

सोलापूर घेऊ:

```
S १९  O १५  L १२  A १  P १६  U २१  R १८
१९ + १ = २०
१२ + १८ = ३०
२० + ३० + १५ + १६ + २१ = १०२
```

शब्दातल्या क्रमानेच बेरीज करायला हवी, असं कुठे लिहिलेलं नाही. एस आणि ए मिळून २०, एल आणि आर मिळून ३०, अशा गोल जोड्या आधी उचलल्या की डोक्यावरचा भार निम्मा होतो. क्रम बदलला तरी बेरीज बदलत नाही, हे लक्षात असू द्या. शेवटी त्याचा आणखी एक उपयोग आहे.

आता ही १०२ बरोबर आहे का? परत मोजण्यापेक्षा सम-विषम बघा. विषम क्रमांकाची अक्षरं अशी: ए, सी, ई, जी, आय, के, एम, ओ, क्यू, एस, यू, डब्ल्यू, वाय. पाचही स्वर यातच आहेत, त्यामुळे पाठ करायला सोपं जातं: सगळे स्वर विषम. शब्दात विषम अक्षरं किती हे मोजायचं. ती सम संख्येनं असतील, तर बेरीज सम. विषम संख्येनं असतील, तर बेरीज विषम. सोलापूरमध्ये एस, ओ, ए, यू अशी चार विषम अक्षरं आहेत, आणि १०२ सम आहे. जमलं.

ही चाचपणी सगळ्या चुका पकडत नाही. दोनने चुकलात, तर ती गप्प बसते. पण एका घरानं घसरणं ही इथली सर्वात नेहमीची चूक आहे, आणि ती एका ठिकाणीच झाली असेल तर इथे पकडली जाते.

तिसरी पायरी: तीन आकडे शेजारी मांडा

बेरीज काढली, ती पेपरातल्या आकड्याशी जुळली नाही, आणि मुलं हात वर करतात. खरं कोडं इथून सुरू होतं. प्रत्येक शब्दासाठी तीन गोष्टी एका ओळीत लिहायच्या: बेरीज, अक्षरं किती, आणि पेपरात दिलेला कोड. अक्षरांची संख्या लिहायला आळस करू नका. उत्तर बहुतेक वेळा तिच्यातच दडलेलं असतं.

```
            बेरीज   अक्षरं   कोड
BARSHI       ५७      ६       ६३
KARMALA      ५७      ७       ६४
```

बार्शी आणि करमाळा या दोन्ही नावांची बेरीज ५७ येते, हा निव्वळ योगायोग आहे. पण शिकवायला याहून छान जोडी मला जिल्ह्यात सापडली नाही. बेरीज एकच असूनही कोड वेगळे आहेत. म्हणजे कोड फक्त बेरजेवर ठरलेला नाही, हे तिथेच सिद्ध झालं. दोन शब्दांत फरक आहे तो एका अक्षराचा, आणि कोडमध्येही फरक आहे एकाचाच. म्हणजे प्रत्येक अक्षरामागे १ वाढवलेला आहे. ५७ आणि ६ मिळून ६३. ५७ आणि ७ मिळून ६४. दोन्हीकडे बसलं. मग सोलापूरचा कोड १०२ अधिक ७, म्हणजे १०९.

यामागचं कारण समजून घेतलं, तर पुढची निम्मी कोडी आपोआप सुटतात. बेरजेत अक्षरसंख्या मिळवणं म्हणजे दुसरं काही नसून ए ला १ ऐवजी २ धरणं आहे. ए २, बी ३, सी ४ अशी मांडणी केली, तर प्रत्येक अक्षर एकानं महाग होतं, आणि सात अक्षरांचा शब्द सातानं. पेपर काढणाऱ्यानं ए ला शून्य धरलं, तर कोड बेरजेपेक्षा अक्षरसंख्येनं कमी येईल. ए ला ३ धरलं, तर अक्षरसंख्येच्या दुपटीनं जास्त. तेव्हा कोड आणि बेरीज यांच्यातल्या फरकाला अक्षरसंख्येनं भागून बघायचं. दोन्ही शब्दांत भागाकार सारखाच आला, तर अक्षरमाला तेवढी सरकवलेली आहे.

आता तो किस्सा. एका मुलानं ह्याच प्रश्नात पीपासून पुढे मोजताना क्यू गाळून आर १७ धरला होता; एस आणि यू मात्र टीच्या खुंटीवरून काढल्यामुळे बरोबर होते. त्याची बार्शीही ५६ आली आणि करमाळाही ५६. फरक आले ७ आणि ८. त्यानं नियम काढला: अक्षरं अधिक एक. सोलापूरची बेरीज त्याची १०१, त्यात ८ मिळवले, उत्तर १०९! तिन्ही नावांत आर एकेकदाच आहे, म्हणून चुकीनं चुकीला झाकलं. "उत्तर तर बरोबर आलं की बे," म्हणून तो खूश. मग मी त्याला सोलापूरच्या जागी पुणे घालून दिलं, ज्यात आर नाही. बरोबर उत्तर ६०, त्याचं आलं ६१. त्या दिवसापासून तो क्यू विसरलेला नाही. यातून घ्यायचं ते एवढंच: नियम जरा वेडावाकडा निघाला, "अक्षरं अधिक एक" किंवा "अक्षरांच्या दुपटीतून एक कमी" असा, तर नियमावर विश्वास ठेवण्याआधी दोन्ही शब्दांत समान असलेलं अक्षर तपासा.

उलटी अक्षरमाला: वजा करू नका, मिळवा

दुसरी मोठी जात म्हणजे उलट क्रमांक. झेड १, वाय २, आणि ए २६. कुठल्याही अक्षराचा सुलट आणि उलट क्रमांक मिळवला, की २७ होतात. ए चे १ आणि २६, एमचे १३ आणि १४. त्यामुळे अख्ख्या शब्दाची सुलट बेरीज आणि उलट बेरीज मिळून २७ गुणिले अक्षरसंख्या होणारच. सोलापूरला सात अक्षरं, ७ × २७ = १८९, त्यातून १०२ गेले, उलट बेरीज ८७. एकेक अक्षर उलटं मोजायची गरजच नाही.

पेपरात हे ओळखायचं कसं ते बघा:

```
            बेरीज   अक्षरं   कोड
MOHOL        ६३      ५       ७२
PUNE         ५६      ४       ५२
```

मोहोळचा कोड बेरजेपेक्षा ९ नं जास्त आहे, पुण्याचा ४ नं कमी. एकीकडे वर, एकीकडे खाली. इथे मुलं वजाबाक्या करून करून दमतात. फरकाची दिशा अशी उलटसुलट झाली, की लगेच मिळवून बघायचं. ६३ आणि ७२ मिळून १३५, म्हणजे ५ × २७. ५६ आणि ५२ मिळून १०८, म्हणजे ४ × २७. दोन्हीकडे २७ चा पाढा निघाला, प्रश्न संपला. पुढे सांगोला विचारलं, तर १८९ वजा ६९, उत्तर १२०.

दिशा उलटसुलट का होते, तेही सरळ आहे. अक्षरांचे क्रमांक सरासरी साडेतेराच्या वर असले, की सुलट बेरीज मोठी. खाली असले, की उलट बेरीज मोठी. पुण्यात पी, यू, एन ही सगळी पलीकडच्या अर्ध्यातली अक्षरं आहेत. माढ्यात मात्र पाचही अक्षरं अलीकडच्या अर्ध्यात, आणि त्यातले दोन तर ए.

माढ्याचीच गोष्ट सांगते. सरावासाठी मी एकदा फळ्यावर एवढंच लिहिलं:

```
MADHA = १०८
```

माढ्याची बेरीज २७. अर्ध्या वर्गानं सांगितलं, "चारनं गुणलंय." अक्षरं पाच, त्यातून एक गेला की चार, म्हणजे बेरीज गुणिले एक कमी अक्षरसंख्या. उरलेल्यांनी सांगितलं, "उलट बेरीज आहे," कारण १३५ वजा २७ सुद्धा १०८ च. दोघांचंही गणित बिनचूक. एका उदाहरणावरून यातलं खरं कुठलं, हे ठरवताच येत नाही. शेजारी मोहोळ ७२ लिहिलं आणि वाद मिटला, कारण ६३ ला चारनं गुणून ७२ कुठून येणार.

मी स्वतः लेखी दिली होती, तेव्हा नेमकी इथेच फसले होते. पहिलं उदाहरण गुणाकारात बसलं, त्या आनंदात दुसरं वाचलंच नाही आणि गोळा काळा करून पुढे गेले. घरी येऊन बघितलं, तर दुसऱ्या उदाहरणात तो नियम दोन सेकंदांत मोडत होता. पहिल्या शब्दावर नियम सुचतो, दुसऱ्या शब्दावर तो ठरतो. पेपर काढणारा दुसरा शब्द जागा भरायला देत नाही.

अक्षरं सारखी असलेली जोडी मिळाली तर

बार्शी-करमाळ्याच्या जोडीत बेरीज सारखी होती, म्हणून अक्षरांचा परिणाम उघडा पडला. याच्या उलट जोडीही येते, जिथे अक्षरसंख्या सारखी आणि बेरजा वेगळ्या:

```
            बेरीज   अक्षरं   कोड
MADHA        २७      ५        ४९
MOHOL        ६३      ५       १२१
```

४९ आणि १२१ दिसले, की ७ चा वर्ग आणि ११ चा वर्ग म्हणून डोळे चमकतात. ते विसरा, ती दिशाभूल आहे. फरक बघा. बेरजांतला फरक ३६, कोडमधला फरक ७२. म्हणजे बेरीज दुप्पट केलेली आहे. माढ्याची दुप्पट ५४, कोड ४९, पाच कमी. मोहोळची दुप्पट १२६, कोड १२१, पुन्हा पाच कमी. अक्षरं पाच आहेत, तेव्हा प्रत्येक अक्षरामागे एक कमी. याचा अर्थ ए १, बी ३, सी ५ अशा विषम संख्या अक्षरांना दिल्या आहेत. पुणे विचारलं, तर ५६ ची दुप्पट ११२, त्यातून ४ गेले, १०८. खात्री करायची असेल, तर पी ३१, यू ४१, एन २७, ई ९ अशी बेरीज करून बघा, १०८ च येते.

पण इथे एक अडचण आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. पाच कमी केले ते पाच अक्षरं होती म्हणून, की प्रत्येक शब्दातून सरसकट पाच, हे या जोडीवरून कळत नाही, कारण दोन्ही शब्दांत अक्षरं पाचच आहेत. सरसकट पाच असतील, तर पुण्याचं उत्तर १०७ होईल. अशा वेळी पर्यायांकडे बघायचं. दोन्हींपैकी एकच उत्तर पर्यायांत असेल, तर प्रश्न मिटला. दोन्ही असतील, तर प्रश्नच अपुरा आहे. पेपर काढणारे सहसा अक्षरसंख्येचाच नियम वापरतात, म्हणून मी १०८ कडे झुकेन, पण तो अंदाज आहे, गणित नव्हे.

थोडक्यात, फरकांवर नजर ठेवायची. बेरीज सारखी असेल तर अक्षरांतल्या फरकानं काय होतं ते बघा. अक्षरं सारखी असतील तर बेरजेतल्या फरकानं काय होतं ते बघा.

कोड फारच लहान किंवा फारच मोठा असेल तर

कोड बेरजेच्या कितीतरी पट असेल, तर बेरीज गुणिले अक्षरसंख्या करून बघा. पुण्याला २२४ दिलं असेल, तर ५६ × ४. याला फार विचार लागत नाही.

लहान कोड जास्त फसवतात. एक शक्यता सरासरीची असते, म्हणजे बेरीज भागिले अक्षरसंख्या. पुणे १४ आणि टॉवेल १५ अशी जोडी आली, तर ५६ ला चारनं आणि ७५ ला पाचनं भागलेलं आहे. सरासरीच्या प्रश्नात नि:शेष भाग जाणारेच शब्द घ्यावे लागतात, म्हणून दोन्ही शब्दांत भाग सुबक जातोय असं दिसलं, की संशय घ्यायचा. दुसरी शक्यता बेरजेतल्या अंकांची बेरीज, जसं पुण्याचे ५ आणि ६ मिळून ११.

तिसरी शक्यता स्वर-व्यंजनांची, आणि इकडे नवशिक्यांचं लक्ष जात नाही:

```
MOHOL = ३, PUNE = ४, तर SOLAPUR = ?

MOHOL     व्यंजनं १३ + ८ + १२ = ३३         स्वर १५ + १५ = ३०
PUNE      व्यंजनं १६ + १४ = ३०             स्वर २१ + ५ = २६
SOLAPUR   व्यंजनं १९ + १२ + १६ + १८ = ६५    स्वर १५ + १ + २१ = ३७
```

व्यंजनांच्या बेरजेतून स्वरांची बेरीज वजा केली, की ३ आणि ४ मिळतात, आणि सोलापूरला २८. अख्ख्या बेरजेवर, अक्षरसंख्येवर, २७ वर काहीच जमत नाही असं झालं, तरच इकडे वळा. सुरुवातच इथून केली, तर ५४ सेकंद कुठे गेले ते कळणार नाही.

बेरजेचा प्रश्नच नाही, हे कधी ओळखायचं

मघाशी म्हटलं, की क्रम बदलला तरी बेरीज बदलत नाही. तीच अक्षरं उलटसुलट लावलेले दोन शब्द दिले आणि त्यांचे कोड वेगळे असले, तर साधी बेरीज तिथे नाहीच. मग पहिल्या अक्षराला १ नं, दुसऱ्याला २ नं गुणणं, किंवा टोकाच्या अक्षरांचाच विचार, असं जागेवर अवलंबून काहीतरी आहे. तिथे तीन आकड्यांचा तक्ता सोडून द्यायचा.

मिनिटभरात नियम हाती आला नाही, तर प्रश्नाला खूण करून पुढे जायचं. पण सोडण्याआधी एकदा बघा, एका उदाहरणात नियम चोख बसतोय आणि दुसऱ्यात फक्त एकानं हुकतोय का. तसं असेल, तर नियम बहुधा बरोबर आहे आणि त्या दुसऱ्या शब्दाची बेरीज चुकली आहे. विषम अक्षरं मोजा, सापडेल.

स्पेलिंगचंही एक सांगते. गावांच्या नावांवर घरी सराव करताना दोघांची उत्तरं वेगळी येतात आणि भांडण लागतं. मंगळवेढा कुणी व्ही नं लिहितं, बेरीज ८८. कुणी डब्ल्यू नं, बेरीज ८९. इंग्रजांच्या काळात आपल्या शहराच्या नावात एसनंतर एच लिहीत, ते धरलं तर सोलापूर १०२ चं ११० होतं आणि अक्षरंही आठ. पेपरात जे छापलं आहे तेच धरायचं, आपल्याला बरोबर वाटणारं नाही. छापलेल्या शब्दाखाली पेन्सिलनं प्रत्येक अक्षराला टिंब दिलं, की जोडून आलेली दोन सारखी अक्षरंही निसटत नाहीत. अक्कलकोटमधले शेजारी-शेजारी आलेले दोन के मी किती जणांना एकदाच मोजताना पाहिलं आहे, त्याची गणती नाही.

सरावाला

स्टेशनवरच्या फलकांवर इंग्रजी नावं असतातच. हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाताना फलक मागे जायच्या आत बेरीज येते का बघा. स्टेशनचे रेल्वेतले छोटे कोडही चालतात. कुर्डुवाडीचा KWV आहे, त्याची बेरीज ५६. पुण्याचीही ५६, पण अक्षरं तीन आणि चार. म्हणजे बार्शी-करमाळ्यासारखीच आणखी एक जोडी रुळावरच मिळाली.

तालुक्यांच्या बेरजा पडताळून बघायला देते. उत्तर आणि दक्षिण सोलापूर दोन शब्दांचे असल्यामुळे त्यांच्या जागी नुसतं सोलापूर ठेवलं आहे:

```
MADHA २७        BARSHI ५७       KARMALA ५७
MOHOL ६३        SANGOLA ६९      AKKALKOT ८२
MANGALWEDHA ८९  MALSHIRAS १००   SOLAPUR १०२
PANDHARPUR ११७
```

यावरून दोघांनी मिळून एकमेकांना प्रश्न काढा. एकानं मनात नियम धरायचा, दोन शब्दांचे कोड सांगायचे, तिसरा विचारायचा. प्रश्न काढायला बसलं, की आपोआप कळतं, कुठली जोडी नियम उघडा करते आणि कुठली दोन नियमांना एकाच वेळी वाव देते.

एक माझ्याकडून:

```
MALSHIRAS = १४३, PANDHARPUR = १५३, तर AKKALKOT = ?
```

बेरजेशी फरक काढलात, तर ४३ आणि ३६ येतात. नऊ आणि दहा अक्षरांशी त्यांचं काही जुळत नाही, उलट अक्षरं वाढली आणि फरक कमी झाला. तिथेच वजाबाकी थांबवून मिळवलंत, तर २४३ आणि २७० दिसतील. अक्कलकोटला आठ अक्षरं आहेत, दोन्ही के मोजून. उत्तर १३४.